खिसा आ वासतो कशामुळे? साइडचा खिसा आणि पॅच खिसा सपाट बसवण्याची रीत

खिसा शिवून झाला, हातही नीट जातो, पण कपडा अंगावर घातला की साइडच्या खिशाचं तोंड उघडून आतलं अस्तर दिसायला लागतं. पॅच खिशाची वरची कड पुढे झुकते आणि वरून पाहिलं तर खिशाचा तळ दिसतो. बहुतेक जण याचा दोष शेवटच्या टिपेला देतात आणि तीच उसवून पुन्हा मारतात. त्याने फरक पडत नाही, कारण चूक तिच्या बरीच आधी झालेली असते.

दोन्ही खिशांत मूळ कारण एकच असतं. खिशाच्या तोंडाची कड कागदी पॅटर्नवर जेवढी होती, त्यापेक्षा शिवताना लांब झालेली असते. कापताना, टाचण्या लावताना, मशीनखाली ओढताना, इस्त्री घासताना ती दर वेळी थोडी थोडी ताणली जाते. 16 सेंटिमीटरचं तोंड 16.6 झालं तर टेबलावर काहीच कळत नाही. अंगावर मात्र त्या जास्तीच्या 6 मिलिमीटरला जायला जागा नसते, म्हणून ते बाहेर फुगतात. त्यामुळे खाली प्रत्येक टप्प्यावर एकच तपासणी पुन्हा पुन्हा येईल: तोंड कागदाशी लावून मोजा.

आधी साइडचा खिसा घेऊ, म्हणजे बाजूच्या शिवणीत लपणारा. उदाहरणाला मध्यम जाडीच्या सुती कापडाचा, कंबरपट्टी असलेला स्कर्ट धरला आहे. शिलाईचं मार्जिन सगळीकडे 1.5 सेंटिमीटर आहे. पँट किंवा कमरेला जोड असलेल्या फ्रॉकला हीच रीत लागू पडते.

## साइडचा खिसा

### 1. आधी कपड्याचं माप बघा

कपडा सीटवर घट्ट असेल तर कुठलाही साइडचा खिसा मिटलेला राहणार नाही. अंग कापडाला दोन्ही बाजूंनी ओढतं आणि त्या ओढीत सगळ्यात कमजोर जागा खिशाच्या तोंडाची असते, म्हणून तीच उघडते. ही खिशाची चूक नव्हे, मापाची आहे, आणि ती खिसा कापायच्या आधीच कळायला हवी.

त्यासाठी खिसा न लावता पुढचा आणि मागचा भाग बाजूने लांब टाक्याने, म्हणजे कच्च्या टिपेने, पूर्ण जोडा. घालून उभं राहा आणि मग खुर्चीवर बसा. बाजूच्या शिवणीपासून आडव्या रेषा निघत असतील किंवा शिवणीचे टाके ताणून दिसत असतील, तर आधी बाजू सोडवा. न ताणणाऱ्या कापडात सीटच्या मापावर सगळा मिळून 5 सेंटिमीटर तरी सैलपणा हवा.

### 2. तोंडाची लांबी आणि जागा ठरवा

हाताचा अंगठा तळव्याला लावून तळवा जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे सरळ पट्टीने मोजा आणि त्यात 4 ते 5 सेंटिमीटर मिळवा. तळवा 11 सेंटिमीटर भरला तर तोंड 15 ते 16 पुरतं. हात सहज जावा म्हणून 19-20 सेंटिमीटर तोंड ठेवण्याची सवय आहे तिथे खिसा हमखास उघडा राहतो. तोंड जितकं लांब, तितकी ती कड मधे निराधार असते.

आपल्या स्कर्टमध्ये तोंड कंबरेच्या शिवणरेषेपासून 5 सेंटिमीटर खाली सुरू करून 21 वर संपवू, म्हणजे 16 सेंटिमीटर. पुढच्या आणि मागच्या दोन्ही पॅटर्नवर वरची आणि खालची खूण शिवणरेषेवरच करा, कापडाच्या कडेवर नाही. बाजू वक्र असते, त्यामुळे कडेवर आणि शिवणरेषेवर मोजलेली लांबी एकसारखी नसते.

तपासणी: पुढचा आणि मागचा कागद शिवणरेषेवर एकमेकांवर ठेवून दोन्ही खुणा जुळतात का ते पाहा. इथे 3 मिलिमीटरचा फरक असेल तर तो पुढे टाचण्यांनी भरून निघत नाही, फक्त लपतो.

### 3. खिशाची पिशवी कापा

पिशवीसाठी पातळ पण घट्ट विणीचं सुती कापड घ्या आणि ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. स्कर्टचं कापडही तसंच. न भिजवलेली पिशवी पहिल्या धुण्यात आटली की तोंड आत ओढलं जातं आणि सुरकुत्या पडतात. उलट स्कर्ट आटला आणि पिशवी तशीच राहिली, तर आत गोळा होऊन बाहेरून फुगवटा दिसतो.

पिशवीचा उभा धागा स्कर्टच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा. कापड वाचवण्यासाठी पिशवी तिरकी बसवली तर ती उरेब होते आणि वजन पडताच खाली लोंबते.

पिशवीचा वरचा काठ कंबरेच्या शिवणीपर्यंत गेला पाहिजे. फक्त तोंडाभोवती लोंबणारी अर्धगोल पिशवी कापायला सोपी असते, पण तिचं आणि आतल्या वस्तूंचं सगळं वजन तोंडाच्या कडेवर येतं. मोबाइल ठेवला की तोंड उघडलंच म्हणून समजा. कंबरेत अडकवलेली पिशवी वजन कंबरपट्टीवर टाकते. खाली ती तोंडाच्या खालच्या खुणेपासून आणखी 9-10 सेंटिमीटर जाऊ द्या.

मागच्या पिशवीच्या बाजूच्या काठावर स्कर्टच्याच कापडाची 5 सेंटिमीटर रुंद पट्टी लावून घ्या. चालताना तोंड किंचित हललं तरी आतून तेच कापड दिसेल.

### 4. तोंडाला पट्टी लावा

हा टप्पा गाळला जातो आणि खिसा इथेच बिघडतो. सीटच्या वळणावर बाजूची कड थोडी तिरकी कापली गेलेली असते, म्हणून ती हाताळताना ताणते. तिला न ताणणारी पट्टी लावली की ती पॅटर्नच्या लांबीत बांधली जाते.

पट्टी 1 सेंटिमीटर रुंदीची, उभ्या धाग्यात कापलेल्या पातळ फ्युजिंगची असावी, किंवा अस्तराच्या कापडाची काठाची किनार कापून वापरा. उरेब पट्टी इथे चालत नाही, ती कापडाबरोबर स्वतःही ताणते. लांबी 16 अधिक दोन्ही टोकांना 2-2, म्हणजे 20 सेंटिमीटर. ही लांबी कागदावरून घ्यायची आणि तोंडाच्या दोन्ही खुणा पट्टीवरही कागदावरूनच उतरवायच्या. कापडावरून मोजलीत तर आधीच ताणलेलं माप तुम्ही पक्कं कराल.

पट्टी पुढच्या भागाच्या उलट्या बाजूला, कापडाच्या कडेपासून 1 सेंटिमीटर आत ठेवा. म्हणजे ती 1 ते 2 सेंटिमीटरच्या मधल्या जागेत येईल आणि शिवणरेषा तिच्यावरूनच जाईल. पट्टीवरच्या खुणा कापडावरच्या खुणांशी जुळवा. कापड किंचित जास्त भरलं तर ते पट्टीत समान सामावून घ्या आणि वाफेची इस्त्री वरून दाबा. इस्त्री उचलून ठेवायची, घासायची नाही. 3 मिलिमीटरपर्यंतची जास्तीची लांबी सुती कापडात वाफेने बसते, लोकरी कापडात त्याहून जास्तही बसते. सिंथेटिक कापड वाफेला दाद देत नाही, म्हणून त्यात कापल्या कापल्या लगेच पट्टी लावावी. किनारीची पट्टी वापरत असाल तर ती आधी हाताने टाचून घ्या.

सावधान: पट्टी मार्जिनमध्येच राहिली आणि शिवणरेषेपर्यंत पोहोचली नाही, तर तिचा काही उपयोग नाही. टीप पट्टीतून गेली पाहिजे.

मागच्या भागाला पट्टीची सहसा गरज नसते, कारण ती कड आत पिशवीत सलग जाते. विरळ विणीचं कापड असेल तर मात्र तिथेही लावा.

### 5. पिशवी जोडा

पुढची पिशवी पुढच्या भागावर सुलट बाजू समोरासमोर ठेवून 1.2 सेंटिमीटरवर टीप मारा, कंबरेपासून तोंडाच्या खाली 2 सेंटिमीटरपर्यंत. बाजूची शिवण 1.5 वर येणार आहे. या 3 मिलिमीटरच्या फरकामुळे, तोंडाची घडी 1.5 च्या रेषेवर पडली की पिशवीचा जोड आत लपतो. सूत मोजणाऱ्यांसाठी, हे साधारण एक सूत होतं.

मागची पिशवीही मागच्या भागाला याच मापाने जोडा, पट्टी लावलेली बाजू स्कर्टच्या सुलट बाजूकडे येईल अशी. नंतर दोन्हीकडचं मार्जिन पिशवीकडे वळवून इस्त्री करा.

आता पुढच्या बाजूला पिशवीवर, जोडापासून 2 मिलिमीटरवर, मार्जिनसकट आतली टीप घाला. ही टीप बाहेरून दिसत नाही, पण पिशवीला आत वळवून धरते. ती नसेल तर काही धुण्यांनंतर पिशवीचा काठ तोंडातून डोकावू लागतो. त्यानंतर 1.5 च्या रेषेवर घडी करून इस्त्रीने दाबा.

तोंडावर बाहेरून दिसणारी टीप हवी असेल तर ती याच वेळी, दोन खुणांच्या मधेच, कडेपासून 6 मिलिमीटरवर मारा. बाजू जोडल्यावर ती मारता येत नाही, मागची पिशवी सोबत शिवली जाते आणि तोंडच बंद होतं.

तपासणी: घडीवर दोन खुणांमधलं अंतर मोजा. 16 असायला हवं. 16.3 असेल तर वाफ देऊन दाबा. त्याहून जास्त असेल तर टीप उसवून पट्टी पुन्हा बसवा, कारण इथून पुढे ते कमी करायला जागा मिळत नाही.

### 6. बाजू जोडताना तोंड शिवून टाका

हो, अख्खं तोंड, पण कच्च्या टिपेने. पुढचा आणि मागचा भाग सुलट बाजू समोरासमोर ठेवून, खुणा जुळवून, कंबरेपासून खालपर्यंत 1.5 सेंटिमीटरवर 5 मिलिमीटरच्या लांब टाक्याने एक सलग टीप मारा. पिशव्या बाहेरच्या बाजूला उघड्या राहू द्या. तोंड असं मिटलेलं असलं की पुढची सगळी कामं, इस्त्री, कंबरपट्टी, खालची दुमड, त्याला न ताणता होतात.

मग त्याच रेषेवर नेहमीच्या 2.5 मिलिमीटरच्या टाक्याने कंबरेपासून वरच्या खुणेपर्यंत आणि खालच्या खुणेपासून खाली टीप मारा. खुणेपाशी 1 सेंटिमीटर उलट-सुलट टीप घेऊन पक्कं करा. टीप खुणेच्या 2 मिलिमीटर अलीकडे थांबली तर टोकाला भोक दिसतं आणि 2 मिलिमीटर पुढे गेली तर कोपऱ्यात चुणी येते. म्हणून शेवटचे दोन-तीन टाके हाताने चाक फिरवून घ्या.

त्यानंतर पिशवीची बाहेरची गोलाई शिवा, कंबरेच्या काठापासून सुरू करून खालच्या खुणेपर्यंत. शिवताना दोन्ही थर सपाट पडलेले असू द्या. वरचा थर मशीनच्या पुढे सरकतो आणि शेवटी एक पिशवी मोठी, एक लहान भासते. तसं झालं तर लांबलेली बाजू ओढून जुळवू नका, जास्तीचा भाग कापून टाका.

पिशवी पुढच्या बाजूला वळवा. पातळ कापडात खिशाखालची शिवणही पुढच्याच बाजूला दाबून टाका, कापाकापी करायची गरज राहत नाही. जाड कापडात शिवण उघडून दाबायची असेल, तर पिशवी जिथे संपते तिथे फक्त मागच्या मार्जिनला तिरका कट द्या आणि तो टिपेपासून 2 मिलिमीटर अलीकडे थांबवा. कट टिपेपर्यंत गेला तर पहिल्याच ताणात तिथे फाटतं.

### 7. पिशवी कंबरेत अडकवा

स्कर्ट हँगरला किंवा पुतळ्याला अडकवा. सपाट टेबलावर हे काम करू नका, टेबलावर पिशवी कशीही ठेवली तरी बरोबरच दिसते. पिशवी आतल्या आत हाताने खाली सरळ सोडा आणि तिचा वरचा काठ कंबरेच्या मार्जिनला टाचा.

इथे दोन उलट चुका होतात. पिशवी वर ओढून टाचली की तोंडाच्या वरच्या टोकाला तिरक्या सुरकुत्या पडतात. ती खाली झोळ देऊन टाचली की कंबरेचा आधार जातो आणि पिशवी पुन्हा तोंडावर लोंबते. ओढ नाही आणि झोळही नाही अशी जागा सापडली की कच्ची टीप घाला. थोडं इकडे-तिकडे होणारच असेल तर 2 मिलिमीटर झोळ परवडला, ओढ नको.

तपासणी: कच्ची टीप तोंडाला अजून आहे. तरीही खिशावर हात फिरवा. एखादा उंचवटा लागला तर पिशवीत घडी पडली आहे, ती कंबरपट्टी लावण्याआधी काढा.

### 8. टोकं पक्की करा

तोंडाच्या दोन्ही टोकांना, सुलट बाजूने, सगळ्या थरांतून 7-8 मिलिमीटर लांबीची दाट झिगझॅग टीप आडवी मारा. झिगझॅग नसेल तर तीन-चार वेळा पुढे-मागे टीप. त्याने दोन कामं होतात. हात घालताना शिवण उसवत नाही आणि पिशवी पुढच्या बाजूलाच धरून राहते.

कंबरपट्टी, खालची दुमड आणि शेवटची इस्त्री झाल्यावरच तोंडाची कच्ची टीप उसवा. ही टीप लवकर काढायचा मोह जवळपास सगळ्यांना होतो, हात घालून बघायचा असतो ना.

## पॅच खिसा

इथे हिशेब थोडा वेगळा. साइडच्या खिशात कड फक्त ताणू द्यायची नसते. पॅच खिशात ती ताणूही द्यायची नाही आणि खालच्या कापडापेक्षा केसभर मोठीही ठेवायची असते. खिसा कपड्याच्या वर बसतो आणि अंग वाकडं-गोल असतं, त्यामुळे बाहेरच्या थराला आतल्या थरापेक्षा किंचित जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही अगदी सारखे शिवले तर खिसा खालचं कापड आवळतो आणि दोन्ही बाजूंना सुरकुत्या येतात. फार मोठा शिवला तर तोंड पुढे झुकतं. उदाहरणाला तयार माप 12 रुंद आणि 14 सेंटिमीटर उंच, खालचे कोपरे गोल असा खिसा घेऊ.

### 1. पुठ्ठा कापा आणि त्यावरून खिसा

तयार मापाचा, मार्जिनशिवायचा पुठ्ठा कापा. पुढे इस्त्री याच्याभोवती करायची आहे आणि मापही याच्याशीच ताडायचं आहे. कापड कापताना दोन्ही बाजूंना आणि खाली 1 सेंटिमीटर मार्जिन ठेवा, वर 3 सेंटिमीटर दुमड. उभा धागा पुठ्ठ्याच्या मधोमध सरळ. तोंडाची कड त्यामुळे आडव्या धाग्यावर येते आणि आडवा धागा उभ्यापेक्षा जास्त ताणतो, पुढचा टप्पा त्यासाठीच आहे. चौकडीचा मेळ टाळण्यासाठी खिसा मुद्दाम तिरका कापला असेल, तर तो टप्पा अजिबात गाळू नका.

### 2. वरची दुमड

फ्युजिंगची 12 सेंटिमीटर लांब पट्टी घ्या, रुंदी दुमडीएवढी. पट्टीचा न ताणणारा धागा तोंडाच्या लांबीत येऊ द्या. ती उलट्या बाजूला अशी चिकटवा की घडीच्या रेषेच्या खाली, खिशाच्या पुढच्या भागावर, 5 मिलिमीटर उतरेल. घडीवर जोर येतो आणि पट्टी बरोबर घडीवर संपली तर तिथे कापड एकटं पडतं. बाजूच्या मार्जिनमध्ये फ्युजिंग नको, कोपरा जाड होतो.

मग 1 सेंटिमीटर आत दुमडा, पुन्हा 2 सेंटिमीटर दुमडा आणि खालच्या कडेने टीप मारा. टीप मारताना कापड पुढून-मागून ओढू नका. पातळ कापडात टाका 3 मिलिमीटर ठेवला तर चुणी येत नाही.

तपासणी: वरची कड पुठ्ठ्यावर ठेवा. दोन्ही बाजूंना बरोबर 1-1 सेंटिमीटर मार्जिन बाहेर आलं पाहिजे. एकूण 3 मिलिमीटर जास्त आलं तर कड ताणली आहे. वाफेने बसवा, नाही बसली तर ही टीप उसवून पुन्हा घाला. ते जास्तीचं माप मार्जिनमध्ये ढकलू नका, खिसा खाली 12 आणि वर 12.3 भरला तर तो आ वासणारच.

### 3. पुठ्ठ्याभोवती आकार द्या

गोल कोपऱ्यांत, कडेपासून 6 मिलिमीटरवर, 4 मिलिमीटरच्या लांब टाक्याची एक टीप घाला, पण दोरा मोकळा सोडा. पुठ्ठा उलट्या बाजूला ठेवा, तो दोरा ओढून मार्जिन पुठ्ठ्यावर गोळा करा आणि वाफेने दाबा. गोळा झालेलं मार्जिन 5 मिलिमीटर ठेवून कापा. आधी तळ, मग दोन्ही बाजू अशा क्रमाने घडी दाबली की बाजू सरळ राहतात.

वरच्या दोन कोपऱ्यांत बाजूचं मार्जिन आत तिरकं कापून घ्या, नाहीतर त्याचं टोक तोंडातून बाहेर डोकावतं. पुठ्ठा काढा आणि खिसा गार होईपर्यंत हलवू नका. गरम घडी हातात घेतली की ती पुन्हा सैल होते.

### 4. जागा गोल पृष्ठभागावर ठरवा

कपडा अंगावर किंवा पुतळ्यावर घालून खिशाच्या वरच्या दोन कोपऱ्यांच्या जागा दोऱ्याने खुणा. पुतळा नसेल तर टॉवेलची जाड गुंडाळी कपड्याच्या आत ठेवा, छातीच्या खिशासाठी बारीक, सीटवरच्या खिशासाठी जाड. खिसा त्या गोलाईवर ठेवून कोपरे टाचले की हवा तेवढा सैलपणा आपोआप येतो.

मोजून पाहिलं तर आपल्या 12 च्या खिशासाठी कपड्यावरच्या दोन खुणांमधलं अंतर छातीवर साधारण 11.8 आणि सीटवर 11.7 येतं. म्हणजे वर 2 ते 3 मिलिमीटर सैलपणा, आणि तोही फक्त वरच्या कडेला. तळाशी खिसा आणि कापड सारखंच. 5 मिलिमीटर झाला की तोंड बाहेरून लोंबताना दिसतं.

सावधान: खुणा खडूने दूर दिसतील अशा न करता दोऱ्याच्या एका टाक्याने करा. कोपऱ्याची खूण 2 मिलिमीटरने चुकली तर सगळा हिशेब वाया जातो.

### 5. मागून आधार द्या

कपड्याच्या उलट्या बाजूला, दोन्ही कोपऱ्यांच्या मागे, 2.5 सेंटिमीटरचा चौकोनी कापडी तुकडा ठेवा. पातळ कापडात दोन तुकड्यांऐवजी तोंडाच्या सबंध रुंदीएवढी एकच पट्टी लावा, उभ्या धाग्यातली. पातळ कापडात खिशाची कड फ्युजिंगने ताठ असते आणि खालचं कापड लवचिक. मग खालचं कापड खाली झुकतं आणि बघणाऱ्याला खिसाच उघडा वाटतो.

### 6. शिलाई

टाचण्यांवर भरवसा ठेवू नका. खिसा बाजूने आणि तळाने हाताने कच्चा टाचून घ्या, कडेपासून 5 मिलिमीटर आत, म्हणजे टीप त्याच्या बाहेर येईल. वरचा थर खालच्यापेक्षा पुढे सरकवण्याची मशीनची सवय इथे सगळ्यात जास्त त्रास देते. एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूला वर पोहोचेपर्यंत खिसा 2-3 मिलिमीटर वर सरकतो. मग तो कोपरा जबरदस्तीने खुणेवर आणला जातो आणि ती जास्तीची लांबी तोंडाजवळ फुगा होऊन बसते.

प्रेसर फूटचा दाब कमी करता येत असेल तर एक पायरी कमी करा. टाका 2.5 मिलिमीटर, कडेपासून 2 मिलिमीटरवर. वरच्या कोपऱ्यात 6-7 मिलिमीटरचा छोटा त्रिकोण शिवून सुरुवात करा, मग बाजूने खाली, तळाने आणि दुसऱ्या बाजूने वर, शेवटी तसाच त्रिकोण. गोलाईवर दर दोन-तीन टाक्यांनी सुई खाली ठेवून फूट उचला आणि कापड वळवा.

कापड निसरडं किंवा जाड असेल तर दोन्ही बाजू वरून खाली शिवाव्यात, म्हणजे पहिली टीप एका वरच्या कोपऱ्यापासून तळाच्या मध्यापर्यंत आणि दुसरी दुसऱ्या वरच्या कोपऱ्यापासून त्याच जागेपर्यंत. दोन्ही वरचे कोपरे आधी पक्के होतात आणि सरकलेलं कापड तळाकडे जातं. तळाच्या मध्यावर चार-पाच टाके एकावर एक येतात, ते फारसे दिसत नाहीत.

तपासणी: कच्चा टाका काढा, पुन्हा टॉवेलच्या गुंडाळीवर ठेवा आणि वरून बघा. तोंडात दोन बोटं सहज जायला हवीत आणि बोटं काढल्यावर कड आपणहून परत टेकली पाहिजे.

## शिवून झालेला खिसा उघडा राहत असेल तर

आधी खिसा रिकामा करून कपडा घाला. साइडचा खिसा उभं राहिल्यावर मिटलेला असेल आणि बसल्यावरच उघडत असेल, तर सीटचं माप कमी आहे. मार्जिन शिल्लक असेल तर बाजू सोडवा, दुसरा इलाज नाही. मार्जिन उरलं नसेल आणि खिसा वापरात नसेल तर तोंड शिवून टाकलेलं बरं.

उभं राहिल्यावरही उघडा दिसत असेल तर कड ताणली आहे. पिशवी न उसवता, आतल्या बाजूने घडीच्या अगदी जवळ, मूळ मापाची कापडी किनार हाताच्या बारीक टाक्यांनी बसवा. घडीचं कापड त्या किनारीत समान सामावत जा, बाहेरून टाका दिसू देऊ नका, आणि शेवटी वाफ द्या. त्याच वेळी तोंड खालच्या टोकाकडून 1.5 ते 2 सेंटिमीटर शिवून लहान केलं तर फरक लगेच दिसतो. वरच्या टोकाने लहान करू नका, हात घालताना मनगट अडकतं.

पॅच खिशात कड पुढे झुकत असेल तर संपूर्ण खिसा काढायची गरज नाही. दोन्ही वरच्या कोपऱ्यांचे त्रिकोण आणि त्याखालची 3-4 सेंटिमीटर टीप उसवा. वरच्या दुमडीच्या आत सुईने एक अरुंद न ताणणारी फीत ओवा, कड पुन्हा 12 सेंटिमीटर भरेल इतकी ती ओढा आणि दोन्ही टोकं मार्जिनमध्ये पक्की करा. मग कोपरे गुंडाळीवर टाचून पुन्हा शिवा. खिशाच्या दोन्ही बाजूंना सुरकुत्या असतील तर दुखणं उलटं आहे, म्हणजे सैलपणा कमी पडला. तेव्हा तेवढीच टीप उसवून कपड्यावरचे कोपरे दोन्हीकडून मिलिमीटरभर आत घ्या. उसवलेल्या जुन्या टिपेची भोकं वाफ देऊन नखाने उभी-आडवी घासली की सुती कापडात बुजतात. रेशमी आणि रेक्झिनसारख्या कापडात ती राहतातच, म्हणून अशा कापडावर खिसा शिवण्याआधी त्याच कापडाच्या तुकड्यावर एकदा बसवून बघा.